पाच हजार भरले, मग ८३.३२९ काय आले? आईला फंडाचा मेसेज मराठीत सांगताना

१. पाच हजार गेले कुठे?

दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास आईच्या बँक खात्यातून पाच हजार रुपये वजा होतात. त्यानंतर काही दिवसांत तिच्या मोबाइलवर म्युच्युअल फंडाचा इंग्रजी मेसेज येतो. त्या मेसेजमध्ये पाच हजार हा आकडा कुठेच नसतो. एक रक्कम पाच हजारांना पंचवीस पैसे कमी असते, एक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत लांबलेला असतो, दुसरा चार दशांश स्थळांपर्यंत. नव्याने गुंतवणूक सुरू केलेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न इथूनच निघतो: "भरले पाच हजार, मग हे काय आले?" मुलगा किंवा मुलगी सहसा उत्तर देते, "पैसे जमा झाले, काळजी करू नकोस." या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच, की हे उत्तर चुकीचे आहे आणि त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते. पैसे जमा झालेले नसतात, त्या पैशांतून खरेदी झालेली असते. मेसेजचे मराठीकरण या एका गोष्टीवर उभे राहते.

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातले एक घर उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणू. घरातली आई निवृत्त शिक्षिका आहे असे समजा. अशा आईची बचत आजवर पोस्टातले आवर्ती खाते, बँकेतली मुदत ठेव, ओळखीतली भिशी, कधी पतसंस्था यांतून झालेली असते. या सर्वांमध्ये एक समान गोष्ट आहे: नोंद रुपयांत होते आणि पासबुकातला आकडा मागच्या महिन्यापेक्षा कधी कमी दिसत नाही. पोस्टाच्या आवर्ती खात्यात तीन हप्ते भरले की पासबुकात तीन हप्त्यांची बेरीज दिसते, व्याज वेगळे. चाळीस वर्षांत घडलेली ही वाचनाची सवय घेऊनच ती फंडाचा मेसेज वाचते. तिची समज कमी नसते. ज्या पद्धतीने तो कागद वाचायला हवा, ती पद्धत तिला कुणी सांगितलेली नसते. म्हणून शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर तिच्या कामाचे नाही. तिला वाचनाची पद्धत सांगावी लागते आणि तेवढ्यापुरते शब्द लागतात.

२. मेसेज जसा येतो तसा

फंड कंपनीनुसार मांडणी थोडी बदलते, पण मजकूर साधारण पुढच्यासारखा असतो. इथले योजनेचे नाव, खाते क्रमांक आणि भाव उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

```
Folio 1234567/89: SIP purchase of Rs 4,999.75 in
ABC Flexi Cap Fund-Regular Plan-Growth processed
at NAV 60.0000 dated 10-Oct-2025. Units allotted
83.329. Balance units 241.446. Subject to realisation.
```

पहिला शब्द फोलिओ. तो त्या फंड कंपनीकडचा आईचा खाते क्रमांक आहे. त्याच कंपनीच्या दोन-तीन योजना एका फोलिओत असू शकतात, दुसऱ्या कंपनीसाठी मात्र वेगळा फोलिओ असतो. एसआयपी म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेची आपोआप होणारी खरेदी. एसआयपी हे योजनेचे नाव नाही, पैसे भरण्याची ती एक रीत आहे. "एसआयपीत पैसे आहेत" असे घरोघरी म्हटले जाते, पण पैसे असतात योजनेत. हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा, कारण पुढे एसआयपी बंद केली तरी आधी घेतलेले युनिट तसेच राहतात. हप्ता थांबवणे आणि पैसे काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवर्ती खाते मोडण्याची सवय असलेल्या माणसाला त्या एकच वाटतात.

३. भाव, वजन आणि पावती

युनिट आणि एनएव्ही हे दोन शब्द कळले की मेसेजचा मोठा भाग उलगडतो. सरकारी मराठीत एनएव्हीला निव्वळ मालमत्ता मूल्य म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण आईच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तिला सोन्याची पावती माहीत आहे, तिथून सुरुवात करावी. दर महिन्याला सराफाकडे पाच हजार रुपये घेऊन गेले, तर त्या दिवशीच्या भावाने जेवढे बसेल तेवढे सोने मिळते. पावतीवर भाव असतो, वजन असते आणि वजन तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले असते. भाव चढला तर त्याच पैशांत कमी वजन येते, उतरला तर जास्त. घरी आल्यावर मोजायचे ते वजन, आणि आज विकले तर किती येतील हे पाहायचे असेल तर त्या वजनाला आजचा भाव लावायचा. मेसेजमधला एनएव्ही म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव. युनिट म्हणजे पदरात पडलेले वजन. ४,९९९.७५ ला ६० ने भागले की ८३.३२९ येतात. हा भागाकार आईच्या मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर तिच्याच हाताने करून घ्यावा. आकडा जुळला की मेसेज हवेतला राहत नाही.

भाव ठरतो कसा, हेही दोन वाक्यांत सांगता येते. हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड शेअर आणि इतर रोखे घेतो. बाजार बंद झाल्यावर त्या सगळ्यांची त्या दिवसाची किंमत काढतात, फंडाचा खर्च आणि देणी वजा करतात आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागतात. हा भाव रोज जाहीर होतो आणि amfiindia.com या म्युच्युअल फंड संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो.

रोजचा भाव जाहीर होणे किती महत्त्वाचे आहे, हे साठीच्या घरातल्या वाचकांना युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेवरून आठवेल. १९६४ साली सुरू झालेल्या या योजनेत खरेदी-विक्रीची किंमत युनिट ट्रस्ट स्वतः ठरवून जाहीर करत असे. आतल्या मालमत्तेच्या रोजच्या किमतीशी ती बांधलेली नव्हती. किंमत वर्षानुवर्षे शांतपणे चढत राहिली आणि लोकांना ती ठेवीसारखी वाटू लागली. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टला या योजनेची खरेदी-विक्री थांबवावी लागली, तेव्हा जाहीर किंमत आणि आतली खरी किंमत यांतले अंतर उघड झाले. आज मेसेजमध्ये चढता-उतरता भाव तारखेसह येतो. तो पाहून अस्वस्थ वाटते हे खरे, पण न हलणारा आकडा खरा असतोच असे नाही, हे यूएस-६४ ने दाखवून दिले आहे.

सोन्याची ही तुलना एका ठिकाणी सोडून द्यावी लागते. शुद्ध सोने कुठल्याही दुकानात तेच असते, म्हणून दोन दुकानांतल्या भावांची तुलना करता येते. फंडाचे तसे नाही. एका योजनेचा भाव २० रुपये आणि दुसरीचा ४०० रुपये असला, तर पहिली स्वस्त ठरत नाही. दोन्हींच्या आतला माल आणि सुरुवातीची वर्षे वेगळी असतात. दोन्हींत पाच हजार घातले आणि दोन्ही दहा टक्क्यांनी वाढल्या, तर दोन्हीकडे साडेपाच हजारच होतात. "वीस रुपयांचा फंड घे, जास्त युनिट मिळतील" हा सल्ला म्हणूनच निरर्थक आहे. आईला तो कुणी ना कुणी देणारच, तेव्हा तो का चुकतो हे तिला आधी माहीत असलेले बरे.

४. पंचवीस पैसे, तारीख आणि शेवटचे तीन शब्द

आता त्या कमी झालेल्या पंचवीस पैशांकडे येऊ. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या युनिट खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. एक लाखावर पाच रुपये, म्हणजे पाच हजारांवर पंचवीस पैसे. घर किंवा जमीन घेताना स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते हे आईला माहीत असते, तीच ही. ती सरकारकडे जाते. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती सांगितली नाही तर मनात एक शंका राहते की मधल्या मधे कुणीतरी कापतो आहे. खरे कापले जाणारे पैसे, म्हणजे फंडाचा व्यवस्थापन खर्च, या मेसेजमध्ये कुठेच दिसत नाहीत. ते रोजच्या भावातूनच वजा होऊन आलेले असतात. मराठीत सांगताना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात: जे दिसते ते शुल्क नगण्य आहे आणि जो खर्च लक्ष ठेवण्याजोगा आहे तो दिसत नाही.

तारखेचाही असाच गोंधळ होतो. आईच्या लक्षात दहा तारीख असते, पण मेसेजमध्ये कधी अकरा दिसते, कधी बारा. १० ऑगस्ट २०२५ ला रविवार होता, त्यामुळे त्या महिन्याची खरेदी सोमवारी, ११ तारखेच्या भावाने धरली गेली. शिवाय १ फेब्रुवारी २०२१ पासून नियम असा आहे की पैसे फंडाच्या खात्यात प्रत्यक्ष पोचल्यावरच त्या दिवसाचा भाव लागू होतो, आणि शेअरवर आधारित योजनांसाठी त्या दिवशीची वेळमर्यादा दुपारी तीनची आहे. बँकेने पैसे आज वजा केले आणि ते फंडाकडे उद्या पोचले, तर भाव उद्याचा. एक-दोन दिवसांचा फरक म्हणजे गडबड नव्हे. आठवडा उलटला, पैसे वजा झाले आणि तरी मेसेज किंवा ईमेल आला नाही, तर मात्र चौकशी करावी. युनिट मिळाल्याची खबर पाच कामकाजाच्या दिवसांत देणे फंड कंपनीवर बंधनकारक आहे.

शेवटचे तीन शब्द, Subject to realisation, मराठीत "पैसे वटले असल्यास" असे सांगावेत. चेक वटणे आईला माहीत आहे. खात्यात शिल्लक नसेल आणि हप्ता परत गेला, तर दिलेले युनिट मागे घेतले जातात. त्यासाठी फंड कंपनी दंड लावत नाही, बँक मात्र चेक परत गेल्यासारखा आकार लावते. सलग तीन मासिक हप्ते चुकले की ती एसआयपी बंद केली जाते. दहा तारखेआधी खात्यात किती शिल्लक हवी, ही सूचना मेसेजमध्ये नसते. मराठीत सांगताना ती आपण जोडावी. आणखी एक गोष्ट जोडावी: खाते आईच्या नावाचे असेल तर हप्ता तिच्याच बँक खात्यातून गेला पाहिजे. मुलाने पुण्याहून आपल्या खात्यातून परस्पर भरलेला हप्ता फंड स्वीकारत नाही. मुलाला पैसे द्यायचे असतील तर ते आधी आईच्या खात्यात जमा करावेत.

५. योजनेचे नाव तसेच ठेवावे

मेसेजमधला एक भाग असा आहे की ज्याचे भाषांतर न करणे हेच योग्य: योजनेचे पूर्ण नाव. ग्रोथ या शब्दाचे "वाढ" असे मराठी केले की आईला ते वाढीचे आश्वासन वाटते. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की फंडाला मिळणारा नफा मधेच वाटला जात नाही, तो आतच राहतो आणि भावात मिसळतो. याच जागी आयडीसीडब्ल्यू अशी अक्षरे असतील तर फंड अधूनमधून पैसे बँकेत पाठवतो. एप्रिल २०२१ पूर्वी याला लाभांश म्हणत आणि तो व्याजासारखा वरचा पैसा आहे असा समज होता. जेवढे पैसे हातात येतात तेवढाच भाव खाली येतो. त्या पैशांत आपल्याच भांडवलाचा भाग असू शकतो, हे कळावे म्हणूनच नाव बदलले गेले.

रेग्युलर आणि डायरेक्ट हे शब्द खर्चाशी जोडलेले आहेत. रेग्युलरमध्ये मध्यस्थाचे कमिशन फंडाच्या खर्चात धरलेले असते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत डायरेक्ट पर्यायही आहे, त्यात हे कमिशन नसते. आईला समोर बसून समजावणारा, अर्ज भरून देणारा, पडझडीत फोन उचलणारा मध्यस्थ असेल तर त्याचे पैसे देणे गैर नाही. पण ते पैसे दिले जात आहेत हे तिला माहीत असावे. "एजंट काही घेत नाही" हे वाक्य रेग्युलर योजनेच्या बाबतीत खरे नसते. म्हणून नाव पडद्यावर जसे दिसते तसे वहीत उतरवावे आणि त्याखाली मराठीत दोन ओळी लिहाव्यात: नफा आतच राहतो, आणि खर्चात मध्यस्थाचे कमिशन आहे. पुढे बँकेत किंवा फंडाच्या कार्यालयात गेल्यावर तिला तेच मूळ नाव ओळखावे लागणार आहे, तेव्हा मराठी नाव हाताशी असून उपयोग नाही.

६. तीन महिन्यांचा हिशेब

आता उदाहरण पूर्ण करू. आईने ऑगस्टमध्ये सुरुवात केली. ११ ऑगस्टला भाव ६२.५० होता, ७९.९९६ युनिट मिळाले. १० सप्टेंबरला भाव ६४ वर गेला, ७८.१२१ युनिट आले. १० ऑक्टोबरला भाव ६० पर्यंत उतरला, ८३.३२९ युनिट आले. तिन्हींची बेरीज २४१.४४६, आणि मेसेजमध्ये एकूण शिल्लक म्हणून नेमका हाच आकडा आहे. खिशातून गेले पंधरा हजार. १० ऑक्टोबरच्या भावाने या युनिटांची किंमत होते १४,४८६ रुपये ७६ पैसे. म्हणजे तीन महिने पैसे भरूनही ५१३ रुपये कमी. पोस्टाच्या पासबुकात हे कधीच घडत नाही, म्हणून आईच्या मनात शंका येण्याचा हा नेमका क्षण आहे.

इथे मराठीत काय सांगावे? "हा नुसता कागदावरचा तोटा आहे" असे सांगण्याची प्रथा पडली आहे. ते अर्धसत्य आहे. आज पैशांची गरज पडली तर हातात १४,४८६ रुपयेही येणार नाहीत. शेअरवर आधारित अनेक योजनांत वर्षाच्या आत विकल्यास एक टक्का निर्गमन भार, म्हणजे एक्झिट लोड, लागतो. योजनेनुसार तो बदलतो. या उदाहरणात तो एक टक्का धरला तर १४५ रुपये आणखी जातील आणि सुमारे १४,३४२ रुपये मिळतील. हे वर्षही प्रत्येक हप्त्यासाठी वेगळे मोजतात: ऑगस्टचे युनिट पुढच्या ऑगस्टमध्ये मोकळे होतात, ऑक्टोबरचे पुढच्या ऑक्टोबरमध्ये. आईला हे सगळे स्पष्ट सांगावे. तोटा खरा आहे, तो आज विकले तर अंगावर येतो, आणि म्हणूनच वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे इथे ठेवायचे नसतात.

त्याचबरोबर हिशेबाची दुसरी बाजूही तिच्यासमोर मांडावी. तिच्या युनिटांत एकही कमी झालेला नाही. तिन्ही महिन्यांत मिळून तिला एक युनिट सरासरी ६२ रुपये १३ पैशांना पडला आहे. भाव पुन्हा सप्टेंबरच्या ६४ वर जाण्याची वाट पाहावी लागत नाही, ६२.१३ ओलांडला की ती पुढे आहे. उतरलेल्या भावाने ऑक्टोबरमध्ये जास्त युनिट दिल्यामुळे सरासरी खाली आली. एवढेच एसआयपीचे काम आहे. भाव पुढे चढेलच अशी हमी त्यात नाही. सलग काही वर्षे भाव पडत राहिला तर स्वस्तात घेतलेले युनिटही तोट्यातच असतील. ही मर्यादा सांगितल्याशिवाय सरासरीचा हिशेब सांगितला, तर ते मराठीकरण राहत नाही, ती जाहिरात होते.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप मुलांचा असतो: "ॲप माझ्याकडे आहे, मी पाहतो, आईला एवढे कशाला?" पण खाते तिच्या नावाचे आहे, मेसेज तिच्या मोबाइलवर येतो, आणि बाजार पडल्यावर शेजारणीने काही सांगितले की हप्ता थांबवण्याचा निर्णयही तीच घेणार आहे. ज्याला वजन आणि भाव यांतला फरक माहीत नाही, तो भाव पडल्यावर वजनच गेले असे समजून विकतो. समजावण्याचे काम त्या दिवसावर ढकलता येत नाही, कारण घाबरलेल्या माणसाशी भागाकार करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की तोटा इतका उघड करून सांगितला तर नवा गुंतवणूकदार सुरुवातीलाच पळेल. काही जण पळतीलही, आणि त्यातल्या काहींनी पळणेच योग्य आहे. ज्यांना दोन वर्षांत घराच्या दुरुस्तीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार आहेत, त्यांच्यासाठी शेअरवर आधारित योजना योग्य नाही. पाचशे रुपयांचा तोटा आज आकड्यांत समजून घेतलेली व्यक्ती उद्याच्या पन्नास हजारांच्या घसरणीत स्वतः विचार करू शकते. पहिली घसरण लपवली तर दुसरी फसवणुकीसारखी वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: "पैसे बुडाले तर?" छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२३ साली शहरातल्या एका मोठ्या पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँक ठेवीसारखे पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. फंडातल्या युनिटांनाही तो विमा नाही, हे आधी मान्य करावे. मग दोन धोके वेगळे करून दाखवावेत. एक धोका भाव पडण्याचा, तो पूर्णपणे आईचा आहे. दुसरा धोका पैसे सांभाळणाऱ्या संस्थेने ते गिळण्याचा. तिथे रचना वेगळी आहे. फंडाची मालमत्ता विश्वस्त संस्थेच्या नावे, फंड कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून अलग असते. शेअर वेगळ्या अभिरक्षक संस्थेकडे असतात आणि सेबीची देखरेख असते. पतसंस्थेत ठेवीदाराला आतल्या कर्जांची आजची किंमत कळत नाही, इथे ती रोज भावातून कळते. कोणता धोका आपण घेतला आहे आणि कोणता कमी केला आहे, हे कळल्यावर प्रश्न संपत नाही, पण तो नेमका होतो.

८. मराठीतला मेसेज आणि त्याची पडताळणी

इतके सगळे ध्यानात घेऊन ऑक्टोबरचा मेसेज आईला असा लिहून देता येईल:

"आई, १० ऑक्टोबरचा तुझा पाच हजारांचा हप्ता गेला. पंचवीस पैसे सरकारी मुद्रांक शुल्क वजा होऊन ४,९९९.७५ रुपयांची खरेदी झाली. त्या दिवशी एका युनिटचा भाव ६० रुपये होता, म्हणून ८३.३२९ युनिट मिळाले. तुझ्याकडे आता एकूण २४१.४४६ युनिट आहेत. आतापर्यंत तू १५,००० रुपये भरलेस, त्या दिवसाच्या भावाने त्यांची किंमत १४,४८६ रुपये होती. वर्षाच्या आत विकले तर एक टक्का कापला जाईल. पुढचा हप्ता १० नोव्हेंबरला आहे, त्याआधी खात्यात पाच हजारांवर शिल्लक ठेव."

यात मूळ मेसेजमधल्या तीन गोष्टी मागे टाकल्या आहेत आणि काही नव्या आणल्या आहेत. फोलिओ आणि योजनेचे नाव वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहिले की पुरते, आणि पैसे बँकेतून गेल्याची खात्री झाली की "वटले असल्यास" ही अट सुटते. भरलेली एकूण रक्कम, आजची किंमत, निर्गमन भार आणि पुढची तारीख मेसेजमध्ये नव्हती, पण निर्णयाला तीच लागते. वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, भरलेले रुपये, भाव, मिळालेले युनिट, एकूण युनिट. किमतीचा रकाना मुद्दाम ठेवू नये. ती रोज बदलते, लागेल तेव्हा शेवटच्या रकान्याला त्या दिवसाच्या भावाने गुणावे.

या वहीची पडताळणी महिन्याच्या एकत्रित खातेउताऱ्याशी करावी. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचा उतारा पुढच्या महिन्यात ईमेलवर येतो. आईच्या पॅनवर असलेल्या सर्व फंड कंपन्यांमधली गुंतवणूक त्यात एकत्र दिसते. डीमॅट खाते असेल तर तो एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येतो, नसेल तर कॅम्स आणि केफिनटेक या निबंधक संस्थांकडून. उताऱ्यातली किंमत महिनाअखेरच्या भावाने काढलेली असते. ३१ ऑक्टोबरला भाव ६१.५० झाला असेल, तर तिथे १४,८४९ रुपये दिसतील, मेसेजवरून काढलेले १४,४८६ नव्हे. रुपये जुळले नाहीत म्हणून काही बिघडले असे होत नाही. युनिट मात्र तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले पाहिजेत. उताऱ्यात नॉमिनीची नोंद आणि बँक खाते बरोबर आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

हीच पद्धत बनावट मेसेज ओळखायलाही उपयोगी पडते. "तुमचे युनिट गोठवले आहेत, लिंक उघडा" असा मेसेज आला तर लिंकला हात न लावता वही आणि उतारा काढावा. खऱ्या खरेदीच्या मेसेजमध्ये फोलिओ, भाव, तारीख आणि युनिट असतात. भाव amfiindia.com वर त्याच तारखेला सापडतो आणि एकूण युनिट वहीतल्या बेरजेशी जुळतात. यातले काही जुळत नसेल तर आधी फंड कंपनीकडे लेखी तक्रार करावी, तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या SCORES या तक्रार व्यवस्थेत. त्या तक्रारीला आधार लागतो तो आकड्यांचा, आणि ते आकडे आईच्या वहीत तिच्याच हस्ताक्षरात असले की कुठला महिना चुकला हे तिला कुणाला विचारावे लागत नाही.